सहा हजारांचे प्रमाणपत्र

आमच्या गल्लीतील एका घराच्या बैठकीत गणपतीच्या तसबिरीखाली एक चौकट टांगलेली आहे. तिच्यात सोनेरी अक्षरांत लिहिले आहे की या घरातील कन्येस इंग्रजी भाषेतील ६,००० शब्द अवगत आहेत. शहरातील एका खासगी शिकवणीवर्गाने तिची संगणकावर शब्दसंख्या-चाचणी घेतली, एक आकडा काढून दिला आणि त्या आकड्यासोबत पुढे पाठ करण्यासाठी ५०० शब्दांची वहीही विकली. मुलगी दहावीत आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाजारात कन्नड, असे तिचे जगणे आहे. बेळगावात हे काही अपूर्व नव्हे.

तिचे वडील मला म्हणाले, "मास्तर, सहा हजार शब्द येत असतील तर हिला इंग्रजीचा वृत्तपत्रातला अग्रलेख का वाचवत नाही? आळस म्हणावा का?"

आळस नव्हे. आकडा खोटा आहे. तो कसा खोटा ठरतो आणि त्या खोट्या आकड्यावरून ठरवलेला अभ्यास मुलीचे नुकसान कसे करतो, हे मी येथे सविस्तर मांडणार आहे. असली प्रमाणपत्रे मी आता आमच्याकडच्या तीन-चार घरांत पाहिली आहेत, आणि सीमेपलीकडच्या वाचकांच्या गावांतही ती पोहोचली असतील असा माझा कयास आहे.

प्रथम चाचणीविषयी. चाचणी मुळात लबाडीची नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील पॉल नेशन हे शब्दसंपदेच्या अभ्यासातील मोठे नाव. त्यांनी डेव्हिड बेगलर यांच्यासह २००७ साली ती प्रसिद्ध केली. ब्रिटिश इंग्रजीच्या प्रचंड संग्रहातून शब्द किती वेळा येतात ते मोजून त्यांची उतरत्या क्रमाने यादी लावली गेली होती. सर्वांत अधिक वापरले जाणारे हजार शब्द ही पहिली हजारी, त्यानंतरचे हजार ही दुसरी हजारी, असे करत चौदा हजाऱ्या झाल्या. प्रत्येक हजारीतून दहा शब्द निवडले. एकूण प्रश्न १४०. प्रत्येक शब्द एका लहानशा वाक्यात येतो, परंतु त्या वाक्यावरून अर्थाचा सुगावा लागू नये अशी काळजी घेतलेली असते. खाली चार अर्थ दिलेले असतात आणि त्यांतील एक बरोबर असतो. एक शब्द शंभरांचा प्रतिनिधी म्हणून उभा आहे, तेव्हा जितकी उत्तरे बरोबर, तिला शंभराने गुणायचे. मुलीची ६० उत्तरे बरोबर आली. ६० गुणिले १०० म्हणजे ६,०००. वर्गाने एवढेच केले आणि चौकट छापली.

मी उत्तरपत्रिका मागितली. वर्गाकडून ती मिळायला दोन आठवडे लागले, कारण आजवर कोणी ती मागितलीच नव्हती. पहिल्या हजारीपासून चौदाव्यापर्यंत तिचे गुण असे होते: ९, ८, ६, ६, ५, ४, ४, ३, ३, ३, २, ३, २, २.

वाचकहो, या ओळीवर क्षणभर थांबा. बेरीज बाजूला ठेवा. पहिल्या सात हजाऱ्यांत आकडा पायरी-पायरीने उतरत जातो. जो शब्द कमी आढळतो तो कमी जणांना ठाऊक असतो, म्हणून हे स्वाभाविक आहे. परंतु आठव्या हजारीपासून उतरण थांबते. आकडा दोन आणि तीन यांच्यामध्ये रेंगाळू लागतो आणि चौदाव्यापर्यंत शून्याकडे जातच नाही. अकराव्या हजारीत दोन आणि त्याहून दुर्मीळ अशा बाराव्या हजारीत तीन! ज्ञान असे वागत नाही. असे वागतात ते फासे. चार पर्यायांतून डोळे मिटून बोट ठेवले तर दर चार प्रश्नांमागे एक उत्तर बरोबर येते, म्हणजे दहा प्रश्नांत सरासरी अडीच. शेवटच्या सात हजाऱ्यांत प्रश्न ७०. निव्वळ नशिबाने अपेक्षित उत्तरे साडेसतरा. मुलीची आली अठरा. प्रमाणपत्रातील १,८०० शब्द हे असे आलेले आहेत. त्या सत्तर शब्दांतील एकही तिला येत नसता तरी हेच गुण पडले असते.

मुलीला विचारले. ती म्हणाली, "काका, सर म्हणाले होते एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. मग मी शेवटी शेवटी 'क' लावत गेले." तिने प्रामाणिकपणे सांगितले. प्रमाणपत्र छापणाऱ्यांनी तेवढाही प्रामाणिकपणा दाखवला नाही.

पहिल्या सात हजाऱ्यांतही नशिबाचा वाटा आहेच. तो काढून टाकण्याचे गणित शाळकरी आहे. एकूण प्रश्नांचा चौथा हिस्सा बरोबर उत्तरांतून वजा करायचा आणि उरलेल्यास पाऊणने भागायचे. सात हजाऱ्यांतील बरोबर उत्तरे ४२, त्यातून साडेसतरा वजा केले की साडेचोवीस, पाऊणने भागले की सुमारे ३३. शेवटच्या सातांत याच रीतीने एकसुद्धा पूर्ण शब्द उरत नाही. म्हणजे सहा हजारांचे झाले ३,३००. चौकटीतील जवळजवळ अर्धी रक्कम उडाली.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. मुले नेहमीच आंधळा अंदाज करत नाहीत. कधी शब्द पुसटसा आठवतो, कधी दोन पर्याय स्पष्ट चुकीचे वाटतात आणि उरलेल्या दोहोंत निवड करायची असते. हे अर्धे ज्ञान आहे. त्याला वरील गणित कधी फार कापते, कधी फार जपते. म्हणून मी गणितावर थांबलो नाही. पर्याय झाकून टाकले आणि पहिल्या सात हजाऱ्यांतले ७० शब्द तिला एकेक करून दाखवले. अट एकच होती, अर्थ सांग. मराठीत सांग, कन्नडमध्ये सांग, हाताने दाखव, चित्र काढ, काहीही चालेल. निकाल आला ८, ७, ४, ४, २, २, १. एकूण २८. म्हणजे २,८०० शब्दांच्या आसपास.

येथे मातृभाषेचा प्रश्न आपोआप उपस्थित होतो, आणि तो मी मुद्दाम ओढून आणलेला नाही. मूळ चाचणीत पर्यायही इंग्रजीतच असतात. ते सोप्या इंग्रजीत असावेत याची दक्षता घेतलेली आहे हे खरे. तरीही ज्या मुलीचे इंग्रजी वाचन कच्चे आहे तिला शब्द ठाऊक असून पर्यायाची वाक्यरचना उलगडत नाही. म्हणूनच अनेक देशांत याच चाचणीचे पर्याय शिकणाऱ्याच्या भाषेत देऊन तिची द्विभाषिक रूपे तयार केली गेली आहेत. आमच्या शिकवणीवर्गांना मात्र मराठीत अर्थ विचारणे कमीपणाचे वाटते. 'इंग्रजीचा विचार इंग्रजीतच करा' हे त्यांचे पालुपद. चाचणी घेणाऱ्याला मुलीच्या डोक्यात काय आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर तिला ज्या भाषेत सहज बोलता येते त्या भाषेत विचारणे याहून सरळ मार्ग कोणता? तोंडी परीक्षेत एका शब्दाला ती अडली. अर्थ डोळ्यांसमोर होता, शब्द ओठावर येईना. अखेर तिने विळीवर खोबरे खवण्याचा अभिनय करून दाखवला. तिला तो शब्द पक्का येत होता. चार इंग्रजी पर्यायांत तिने तोच चुकवला होता.

आता कोणी म्हणेल, बरे, सहा हजार नाहीत, २,८०० आहेत. चौकटीतील आकडा बदलू आणि विषय संपवू. तसेही करता येणार नाही, कारण २,८०० हाही ठाम आकडा नव्हे. हजार शब्दांच्या वतीने दहाच शब्द बोलत आहेत. समजा एखाद्या हजारीतील नेमके ६०० शब्द एका मुलाला येतात. त्यातून चिठ्ठ्या टाकून दहा शब्द उचलले, तर सहाच येतील असे नाही. असा प्रयोग पुनःपुन्हा केला, तर दहापैकी नऊ वेळा गुण ४ ते ८ यांच्या दरम्यान पडतील आणि दहाव्या वेळी त्याच्याही बाहेर. म्हणजे एका मुलाला चार आणि दुसऱ्याला आठ मिळाले तरी दोघांचे ज्ञान सारखेच असू शकते. एका हजारीविषयी दहा टक्क्यांच्या आतबाहेर बोलायचे असेल, तर दहा नव्हे, साठ-पासष्ट शब्द विचारावे लागतात. जूनमध्ये ६,००० आणि डिसेंबरमध्ये ६,४०० असे दाखवून 'प्रगती' विकणारे वर्ग आहेत. ती प्रगती चार उत्तरांची आहे, आणि चार उत्तरे एका पावसाळी सर्दीतही इकडची तिकडे होतात.

आणखी एक गोष्ट प्रमाणपत्र सांगत नाही. येथे 'शब्द' म्हणजे एक शब्द नव्हे, शब्दकुल आहे. मूळ शब्द, त्याची रूपे, त्याला प्रत्यय लागून झालेले शब्द, हे सारे एकाच कुलात धरलेले असतात, आणि त्यातील एक आला की सारे येतात असे गृहीत धरले जाते. मराठीत बोलायचे तर 'करणे' ठाऊक असलेल्या मुलाच्या खात्यावर 'कर्ता', 'करणी' आणि 'कर्तव्य' हे न विचारता जमा करण्यासारखे हे आहे. चांगला वाचणाऱ्या प्रौढाच्या बाबतीत हे बरेचसे खरे ठरते. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत नाही.

एवढे सारे सहन केले असते. आकडा चुकीचा असला तर असो, भिंतीवर शोभेला राहील. खरा अपराध पुढचा आहे. त्या आकड्यावरून वर्गाने अभ्यास ठरवला. 'सहा हजार येतात, तर आता सातव्या, आठव्या आणि नवव्या हजारीकडे वळा' असे म्हणून तिच्या हाती ५०० अवघड शब्दांची वही दिली. शिडी चढल्याप्रमाणे शब्द शिकले जातात, खालच्या पायऱ्या भरलेल्याच असणार, अशी समजूत यामागे आहे. पण गुणांची ओळच ओरडून सांगत होती की तिची दुसरी हजारी भरलेली नाही आणि तिसरी तर निम्मीसुद्धा नाही.

यात किती तोटा आहे याचा हिशेब करता येतो. नेशन यांनीच २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार इंग्रजी लिखित मजकुरातील सुमारे ८० टक्के शब्द पहिल्या हजारीतले असतात. दुसरी हजारी आणखी ८ ते ९ टक्के देते, तिसरी ३ ते ५ टक्के. चौथी आणि पाचवी मिळून ३ टक्के. सहावी, सातवी, आठवी आणि नववी, या चौघी मिळून केवळ २ टक्के. आता तोलून पाहा. दुसऱ्या हजारीचे हजार शब्द साडेआठ टक्के मजकूर उघडतात. सहावी ते नववीचे चार हजार शब्द मिळून दोन टक्के. म्हणजे दुसऱ्या हजारीतील एक न येणारा शब्द शिकला, तर वरच्या हजाऱ्यांतील एका शब्दापेक्षा तो सरासरीने सतरा पट अधिक वेळा पुढ्यात येतो. मुलीने वहीतील ५०० शब्द प्राणपणाने पाठ केले असते तरी अग्रलेखातील दहा परिच्छेदांत त्यांतील एखाददुसराच भेटला असता. आणि पुन्हा न भेटणारा शब्द विसरला जातो. तिने ते महिनाभर पाठ केले होते. मी त्यातले वीस विचारले. तीन आठवले.

अग्रलेख न वाचवण्याचे कारणही याच हिशेबात आहे. कोणाच्या मदतीविना वाचायचे तर मजकुरातील शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असे या क्षेत्रात मानले जाते. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. सहा हजार असते तर मुलीला अग्रलेख अडखळत का होईना, पण वाचवला असता. दुसऱ्याच हजारीत भोके असलेल्या मुलीला प्रत्येक ओळीत ठेच लागते. वडिलांनी ज्याला आळस म्हटले ती ही ठेच होती.

मग पुढे काय शिकायचे ते ठरवायचे कसे? या चाचणीचा योग्य उपयोग येथे सुरू होतो, आणि बेरीज करणाऱ्यांना तो कधीच सापडत नाही. बेरीज करू नका. वरून खाली या आणि जेथे प्रथम आठाच्या खाली गुण गेले ती हजारी धरा. अंदाजाने मिळालेले गुण आधी वजा करा, किंवा उत्तम म्हणजे तोंडी विचारा. त्या मुलीच्या बाबतीत तोंडी गुण पहिल्या हजारीत ८ आणि दुसऱ्या हजारीत ७ होते, म्हणून आम्ही दोन्ही धरल्या. परंतु चाचणी येथवरच सोबत करते. दुसऱ्या हजारीत सुमारे ३०० शब्द येत नाहीत असे ती सांगते. ते कोणते, हे सांगत नाही. तिने तर दहापैकी तीनच दाखवले. उरलेले शोधण्यासाठी त्या हजारीची संपूर्ण यादीच समोर ठेवावी लागते. नेशन यांच्या याद्या विनामूल्य मिळतात, त्यासाठी कोणत्याही वर्गाची पायरी चढावी लागत नाही.

हजार शब्द एकेक करून तोंडी विचारायचे तर माणूस थकतो. म्हणून आम्ही खुणा करण्याची पद्धत घेतली. एका कागदावर यादीतील शंभर शब्द, येतो त्यापुढे खूण करायची. यात स्वतःला फसवणे फार सोपे असते. पॉल मिएरा यांनी यावर एक नामी तोड वापरली होती, ती अशी की खऱ्या शब्दांत इंग्रजीसारखे दिसणारे, पण कोणत्याही कोशात नसलेले बनावट शब्द मिसळायचे. मी प्रत्येक कागदात असे वीस मिसळले. पहिल्या संध्याकाळी मुलीने शंभरातील ८० खऱ्या शब्दांवर खूण केली आणि वीस बनावटांतील पाचांवरही. म्हणजे न येणाऱ्या शब्दावर खूण करण्याची तिची सवय चारात एक. ८० टक्क्यांतून २५ वजा केले, उरलेल्या ५५ ला ७५ ने भागले की सुमारे ७३ टक्के. तोंडी परीक्षेतील दहात सात हेच सांगत होते.

बनावट शब्द कोणते होते ते मी तिला दाखवले तेव्हा ती लाजली नाही, चिडली. "असे शब्दच नसतात तर तुम्ही लिहिले कशाला?" दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने खूण करण्यापूर्वी क्षणभर थांबायला सुरुवात केली आणि बनावटांवरील खुणा शून्य-एकवर आल्या. केलेल्या खुणांपैकी दर पाचवा शब्द मी तोंडी विचारत असे. दुसऱ्या हजारीला दहा संध्याकाळी लागल्या. पहिलीला तितक्याही लागल्या नाहीत.

यात एक गोष्ट अकल्पित निघाली. खूण नसलेले शब्द मी मोठ्याने वाचून दाखवू लागलो तर त्यांतील बरेच तिला कळले. कानाने ठाऊक, डोळ्याने नाही. आमच्याकडे इंग्रजी शब्द बोलण्यातून, दूरचित्रवाणीतून, दुकानाच्या पाट्यांवरून आणि कन्नड-मराठीत रुळलेल्या रूपांतून येतात, आणि त्यांचे मूळ स्पेलिंग पाहिले की ओळख पटत नाही. चाचणी लिखित असल्यामुळे असे शब्द तिच्या लेखी अज्ञातच. हे शब्द शिकायला अर्थ पाठ करावा लागत नाही, फक्त लिखित रूपाशी गाठ घालून द्यावी लागते. म्हणून आम्ही वहीत त्यांचे वेगळे पान केले. दुसऱ्या हजारीत न येणारे शब्द ३१० निघाले, त्यांपैकी ९० या पानावर गेले. पहिल्या हजारीतले १३०. एकूण ४४०. रोज आठ म्हटले तर दोन महिन्यांचे काम. वर्गाच्या वहीहूनही लहान.

उलट प्रकारही दिसला. विज्ञानाच्या पुस्तकातील काही शब्द, जे यादीत फार खाली आहेत, ते तिला बिनचूक येत होते. यादी ब्रिटिश माणसांच्या इंग्रजीवरून बनली आहे. बेळगावच्या दहावीच्या मुलीला इंग्रजी शब्द ज्या क्रमाने भेटतात तो क्रम वेगळा. तेव्हा यादी हा वेद नव्हे. शाळेच्या पुस्तकात वारंवार येणारा शब्द यादीत कुठेही असो, तो आधीच शिकावा.

आता थोडे आपल्या माणसांविषयी लिहितो, कारण ही चूक केवळ इंग्रजीच्या दुकानदारांची नाही. मराठीच्या मेळाव्यांत मी पाहिले आहे की व्यासपीठावरून मुलांना कोशातले पन्नास शब्द विचारले जातात, मुले दहा सांगतात आणि मग सभागृहाला ऐकवले जाते की आमच्या मुलांची मराठी वीस टक्केच उरली. टाळ्या पडतात, उसासेही पडतात. हे शब्द निवडले कसे, असे कोणी विचारत नाही. मोल्सवर्थचा कोश उघडून बोट ठेवायचे, असेच ना? या युक्तीत दोन्ही बाजूंनी फसगत आहे. जाड कोशात दुर्मीळ, प्रांतिक आणि लोप पावलेल्या शब्दांची दाटी असते, म्हणून १८५७ च्या आवृत्तीतून उचललेला शब्द पुण्याच्या प्राध्यापकालाही अडवेल. उलट पानावर सहज बोट ठेवले तर ते लांबलचक नोंदीवर पडण्याचा संभव अधिक, आणि लांब नोंदी असतात त्या 'हात', 'पाणी', 'उठणे' अशा रोजच्या शब्दांच्या. एकाच कोशातून मुलांना निरक्षरही ठरवता येते आणि पंडितही. ज्याला जे ठरवायचे असेल त्याने ते ठरवावे.

मराठीसाठी खरी चाचणी करायची तर मुलांनी जे वाचावे अशी आपली अपेक्षा आहे, म्हणजे पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे, गोष्टींची पुस्तके, त्यातून शब्द मोजावे लागतील. तेथेही इंग्रजीची रीत जशीच्या तशी चालत नाही. संगणकाला 'घर', 'घरी', 'घरात', 'घराला', 'घरातल्या' हे पाच शब्द दिसतात आणि 'केले' व 'करतो' यांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. आमच्या दोन तरुण कार्यकर्त्यांनी एका मासिकाची अशी मोजणी केली होती. यादीत 'पाणी' फार खाली गेले, कारण त्याची अर्धीअधिक हजेरी 'पाण्यात', 'पाण्याचा', 'पाण्याने' या नावांवर लागली होती. विभक्ती-शब्दयोगी उतरवून सामान्यरूपाखालचा मूळ शब्द काढल्याखेरीज मराठीची हजारी तयार होत नाही, आणि हे काम संगणकावर सोपवून माणसाने झोपी जाण्यासारखे नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना एक वेगळी सूचना. तेथे खुणांची पद्धत वापरू नका, निदान एकटी वापरू नका. हिंदीत वाढलेल्या मराठी मुलाला 'शिक्षा', 'चेष्टा', 'संसार', 'यातायात' हे सारे शब्द दिसताक्षणी ओळखीचे वाटतील आणि तो बेधडक खूण करील. पण त्याच्या मनात शिक्षण, प्रयत्न, जग आणि वाहतूक असेल. बनावट शब्दांनी ही चूक पकडली जात नाही, कारण शब्द खरा आहे, अर्थ दुसऱ्या भाषेचा आहे. तेथे अर्थच विचारावा लागतो, तोही वाक्यातून. 'मास्तरांनी त्याला शिक्षा केली' म्हणजे मास्तरांनी काय केले? अशी फसवी जुळी किती आहेत त्यांची वेगळी यादी करावी. त्या मुलांनी 'पुढे काय शिकावे' या प्रश्नाचे पहिले उत्तर तीच यादी आहे. वडोदऱ्यात गुजरातीच्या बाबतीत अशी यादी कोणी केली असल्यास कळवावे, येथे देऊ.

परवा त्या घरी गेलो होतो. चौकट अजून भिंतीवर आहे. वडिलांनी विचारले, "मास्तर, मग आता हिला किती शब्द येतात म्हणायचे?" मुलीने वही आणून दाखवली. पहिल्या हजारीची पाने संपली होती, कानाच्या पानावरचे ९० शब्दही. दुसऱ्या हजारीतील १४० उरले होते आणि त्यांच्यापुढे तिने पेन्सिलीने तारखा टाकल्या होत्या.